शून्य कुठे लावायचं आणि कुठे नाही: एका पुस्तकाच्या दुकानातली कोडची सफाई

राजारामपुरीतलं हे दुकान पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं. लक्ष्मीपुरीत त्यांचं गोदाम आहे, आणि वर्षातून काही वेळा कॉलेजांत प्रदर्शनाचं टेबल लागतं. मालकांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांची तक्रार एका वाक्याची होती: "पुस्तक समोर कपाटात दिसतंय, आणि कॉम्प्युटर म्हणतोय संपलंय." त्यामुळे गिऱ्हाईक परत जायचं, किंवा असलेलंच पुस्तक पुन्हा मागवलं जायचं. कॉलेजच्या ग्रंथालयाला कोटेशन द्यायचं म्हटलं की मुलगा यादी घेऊन स्वतः कपाटं धुंडाळायचा.

मी मालाची मास्टर यादी काढून बघितली. अकरा हजारांच्या आसपास ओळी होत्या. पहिली खूण कोडमध्ये नव्हे, शिलकेत सापडली. एकाच नावाच्या दोन ओळी होत्या, एकीत शिल्लक अधिक वीस, दुसरीत उणे चौदा. अर्थ उघड होता. खरेदी एका ओळीवर चढत होती आणि विक्री दुसरीवरून उतरत होती. पुस्तक एकच, खरी शिल्लक सहा. उणे शिलकेच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या आणि प्रत्येकीच्या नावाची दुसरी ओळ शोधली, तर बहुतेकींना जोडीदार मिळाला. तुमच्या यादीत दुबार कोड आहेत का, हे बघायला कोणताही प्रोग्रॅम लागत नाही. उणे शिल्लक बघा.

मग कोड बघितले. एकाच पुस्तकाचा आयएसबीएन कुठे हायफनसह, कुठे सलग, कुठे स्पेस देऊन, कुठे दहा अंकी, कुठे तेरा अंकी, आणि काही ठिकाणी चक्क नऊ अंकी. पेन आणि वह्यांच्या ओळींत कुठे बारा अंक, कुठे तेरा. आण्णांच्या पुतण्याने यावर आधीच उपाय काढला होता: हायफन आणि स्पेस काढायचे आणि जे कमी पडेल त्याच्या पुढे शून्यं लावून सगळं तेरा अंकी करायचं. उपाय ऐकायला बरोबर वाटतो. त्यातला पहिला अर्धा भाग खरंच बरोबर आहे. दुसरा अर्धा काही ओळींना बरोबर आहे आणि काहींना घातक, आणि कोणत्या ओळी कशातल्या हे अंकांच्या लांबीवरून कळत नाही. हे प्रकरण सगळं त्याचंच आहे.

हायफन काढणं

आयएसबीएनमधले हायफन माणसाला वाचायला असतात. भाषा किंवा देशाचा गट, प्रकाशक, पुस्तक आणि शेवटचा चेक डिजिट, म्हणजे चूक पकडायला बाकीच्या अंकांवरून हिशेबाने काढलेला अंक, असे भाग ते दाखवतात. यंत्राला ते नको असतात, आणि ते काढल्याने काही हरवत नाही, कारण सलग अंकांवरून ते पुन्हा घालता येतात. म्हणून इथे बिनधास्त काढावेत. फक्त "हायफन" म्हणजे कीबोर्डवरची एक खूण असं समजू नये. प्रकाशकांच्या पीडीएफ यादीतून कॉपी केलेल्या ओळींत लांब डॅश होते, न तुटणारी स्पेस होती, आणि काही ओळींत डोळ्यांना न दिसणारी शून्य रुंदीची खूणही होती. दोन कोड पडद्यावर तंतोतंत सारखे दिसतात आणि तरी जुळत नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं. एक्सेलमध्ये `LEN` लावून बघा. तेरा अंकांची लांबी चौदा आली की समजायचं.

दुसरी गंमत कीबोर्डची. मराठी टायपिंग चालू असताना कोणीतरी कोड भरले होते, त्यामुळे काही ओळींत ९७८८१ असे देवनागरी अंक होते. पायथनच्या `isdigit()` ला हे अंक चालतात, त्यामुळे तपासणीत ते पास होतात आणि जुळणीत मात्र नापास.

पुतण्याच्या फॉर्म्युल्यात अजून एक गोष्ट होती: "अंक सोडून बाकी सगळं काढून टाका." हे सर्रास केलं जातं, पण आयएसबीएनला चालत नाही, कारण दहा अंकी आयएसबीएनचा शेवटचा अंक X असू शकतो. तो रोमन दहा आहे. साधारण अकरातल्या एका दहा अंकी आयएसबीएनच्या शेवटी तो येतो. म्हणून काढायचं ते नेमकं सांगून काढायचं आणि उरलेलं अनोळखी अक्षर तसंच ठेवायचं, म्हणजे पुढच्या तपासणीत ते अडकतं.

```python
import unicodedata as u

def saaf(s):
    out = ""
    for c in s.strip().upper():
        if c.isdecimal():
            out += str(u.decimal(c))
        elif u.category(c) in ("Pd", "Zs", "Cf") or c in "\t\u2212":
            continue
        else:
            out += c
    return out
```

`Pd` म्हणजे सगळ्या जातीचे डॅश, `Zs` म्हणजे सगळ्या स्पेस, `Cf` म्हणजे न दिसणाऱ्या खुणा. `\u2212` हे गणितातलं वजाचं चिन्ह. ते डॅशमध्ये मोडत नाही, म्हणून वेगळं लिहावं लागलं. साफ केलेला कोड नव्या कॉलममध्ये ठेवला. मूळ कॉलमला हात लावला नाही, आणि लावूही नये. पुढे सांगतो त्या नऊ अंकी ओळी मूळ कॉलम होता म्हणूनच सुटल्या.

जिथे शून्य लावणं बरोबर आहे

स्टेशनरीचं काम सोपं निघालं. परदेशी पेनांवर, मार्करवर बारा अंकी यूपीसी कोड असतो. आपल्याकडे छापला जाणारा तेरा अंकी ईएएन हा त्याचाच मोठा भाऊ. भारतात नोंदलेल्या कंपन्यांचे कोड 890 ने सुरू होतात. बारा अंकीच्या पुढे एक शून्य लावलं की तो रीतसर तेरा अंकी होतो: `036000291452` चा `0036000291452`. चेक डिजिट बदलत नाही. कारण त्याचं गणित उजवीकडून मोजतात: चेक डिजिटच्या लगतच्या अंकाला ३ ने गुणायचं, त्याच्या डावीकडच्याला १ ने, मग पुन्हा ३, पुन्हा १. डावीकडे कितीही शून्यं लावली तरी बेरजेत भर शून्याचीच पडते.

दुकानात एकाच मार्करच्या दोन ओळी का झाल्या होत्या, तर राजारामपुरीच्या काउंटरवरचा स्कॅनर बारा अंक देत होता आणि गोदामातला तेरा. स्कॅनरमध्ये तशी सेटिंग असते. यूपीसीला शून्य लावून पाठवायचं की नाही हे मॅन्युअलमधला एक बारकोड स्कॅन करून ठरतं. दोन्ही स्कॅनर आपापल्या जागी बरोबर होते.

आठ अंकी कोडला मात्र जपावं लागतं. ईएएन-८ असेल तर पुढे पाच शून्यं लावली की झालं. पण यूपीसी-ई पण आठ अंकांचा दिसतो, आणि तो दाबून छोटा केलेला बारा अंकी कोड असतो. त्याला शून्यं लावायची नसतात, ठरलेल्या नियमाने आधी उलगडायचा असतो. तो 0 किंवा 1 ने सुरू होतो. आमच्या यादीत असे मोजकेच होते. ते वस्तू हातात घेऊन पुन्हा स्कॅन केले.

वह्यांच्या बॉक्सवरचा चौदा अंकी कोड तसाच वेगळ्या तक्त्यात ठेवला, त्यासमोर बॉक्समध्ये किती नग ते लिहून. त्याचा पहिला अंक कापून तेरा करण्याचा मोह होतो, पण तो बॉक्सचा कोड आहे, वहीचा नाही. शिवाय पहिला अंक काढला की चेक डिजिटही चुकतो. सगळी यादीच चौदा अंकी का केली नाही, असं कोणी विचारेल. मोठ्या कंपन्या तसं करतात आणि ते बरोबरही आहे. पण इथे काउंटरवरचा मुलगा पुस्तकाच्या पाठीवर बघून पडद्यावरच्या कोडशी जुळवतो. पाठीवर तेरा आहेत, तर पडद्यावर तेराच असावेत.

दहा अंकी आयएसबीएन

१ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंकी असतो, आणि मराठीच्या दुकानात अशी पुस्तकं कमी नसतात. पुतण्याच्या हिशेबाने त्यांना तीन शून्यं लावायची. नेहमी उदाहरणाला घेतला जाणारा `0306406152` घ्या. शून्यं लावून होतो `0000306406152`. या पुस्तकाच्या नव्या प्रतीवर बारकोड असतो `9780306406157`. दोन्ही कधीही जुळणार नाहीत. पुस्तकाला 978 लागतो, आणि शेवटचा अंकही बदलतो, कारण दहा अंकीचा चेक डिजिट ११ ने भागून काढतात आणि तेरा अंकीचा १० ने. म्हणजे इथे लांबी वाढवायची नाही, रूपांतर करायचं: शेवटचा अंक सोडायचा, पुढे 978 लावायचा, नवा चेक डिजिट काढायचा.

```python
def isbn10_ok(s):
    if len(s) != 10 or not s[:9].isdecimal():
        return False
    if s[9] not in "0123456789X":
        return False
    t = sum((10 - i) * (10 if c == "X" else int(c))
            for i, c in enumerate(s))
    return t % 11 == 0

def isbn13(s):
    b = "978" + s[:9]
    t = sum(int(c) * (3 if i % 2 else 1)
            for i, c in enumerate(b))
    return b + str(-t % 10)
```

इथे माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: `isbn13` च्या आधी `isbn10_ok` चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका. रूपांतरात जुना चेक डिजिट फेकला जातो आणि नवा हिशेबाने बनतो. त्यामुळे आत चुकीचे अंक गेले तरी बाहेर येणारा कोड कायम "बरोबर" असतो. त्यानंतर कितीही तपासा, तो पास होणार. चूक पकडायची एकमेव संधी तो जुना अंक फेकण्याआधी असते. शिवाय जुना ११ चा हिशेब नव्यापेक्षा कडक आहे. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर तो हमखास पकडतो. तेरा अंकीत शेजारच्या अंकांत ५ चा फरक असेल, म्हणजे 16 चे 61 झाले, तर ते सुटून जातं.

नऊ अंकी ओळी

सगळ्यात जास्त वेळ यांनी खाल्ला, आणि सगळ्यात जास्त शिकायलाही इथेच होतं.

आयएसबीएन नऊ अंकी कसा होतो? एक कारण सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजी पुस्तकांचे बरेच आयएसबीएन 0 ने सुरू होतात. एक्सेल त्याला आकडा समजतं आणि पुढचं शून्य खातं. `0306406152` चा `306406152` होतो. त्यावर उपाय शून्य परत लावणं. १९७० मध्ये आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक होण्याआधी ब्रिटनमध्ये नऊ अंकी एसबीएन चालत होता, त्यालाही पुढे शून्यच लावतात. त्यामुळे "नऊ अंक दिसले की शून्य लावा" हा नियम बऱ्याच ठिकाणी डोळे झाकून पाळला जातो.

इथल्या दुकानात दुसरं एक कारण होतं. त्यांचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर कोडच्या खान्यात फक्त अंक घेत असे. पुस्तकाच्या मागे 81-...-X छापलेलं असलं की काउंटरवरचा माणूस X दाबून बघायचा, तो उमटायचा नाही, मग नऊ अंकांवर एंटर मारून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. त्याचं काही चुकलं नाही. रांग मोठी असते. पण त्यामुळे यादीतल्या काही नऊ अंकी ओळींत पुढचं शून्य गेलं होतं आणि काहींत मागचा X.

आता यातला पेच बघा. भारताचा जुना गट 81. म्हणजे X गळालेलं मराठी पुस्तक नऊ अंकांत 81 ने सुरू होणार. आणि 0 नंतर 81 ने सुरू होणारे क्रमांक इंग्रजी प्रकाशकांकडेही आहेत. त्यांचं शून्य गळालं तर ते पुस्तकही नऊ अंकांत 81 नेच सुरू होणार. नुसतं बघून सांगता येत नाही.

नमुन्याला मी एक क्रमांक बनवून घेतो: `819012353`. पुतण्याचा नियम लावला तर `0819012353`, आणि चेक डिजिट न तपासता त्याचा तेरा अंकी केला तर `9780819012357`. हा कोड सगळ्या तपासण्या पास होतो. फक्त तो मराठी पुस्तक उचलून इंग्रजी गटात नेऊन ठेवतो. पुढे कोणी त्या कोडवरून पुस्तकाची माहिती ओढली तर भलत्याच पुस्तकाचं मुखपृष्ठ येईल, आणि तोवर मूळ कॉलम पुसलेला असेल तर चूक कुठे झाली हे शोधणं अवघड.

आता हिशेब करून बघू. शून्य लावलेल्या रूपात पहिल्या 0 ला १०, मग 8 ला ९, 1 ला ८, 9 ला ७, असं गुणत गेलं की बेरीज १७८ येते. ११ ने भागलं तर २ उरतात. म्हणजे शून्याची शक्यता बाद. X लावलेल्या रूपात 8 ला १०, 1 ला ९, 9 ला ८, असं गुणून नऊ अंकांची बेरीज २१० येते, त्यात X चे १० मिळवले की २२०. ११ ने नि:शेष भाग जातो. म्हणजे क्रमांक `819012353X`, आणि तेरा अंकी रूप `9788190123532`.

```python
def nau(s):
    a = [k for k in ("0" + s, s + "X") if isbn10_ok(k)]
    return a[0] if len(a) == 1 else None
```

दोन्ही शक्यता तपासायच्या, नेमकी एकच बसली तरच घ्यायची. X गळालेल्या साधारण अकरातल्या एका क्रमांकाला शून्याचं रूपही योगायोगाने बसतं. तिथे यंत्र गप्प राहतं आणि ओळ माणसाकडे जाते. दोन्ही बसत नसतील तर टायपिंगची चूक आहे, किंवा शेवटचा साधाच अंक राहिलाय. पण असा अर्धवट क्रमांकही कधी कधी एका शक्यतेत योगायोगाने बसून जातो. म्हणून नऊ अंकीतून सुटलेल्या प्रत्येक ओळीला एक जादा अट घातली: कोडचा गट आणि पुस्तकाचं नाव जुळलं पाहिजे. नाव मराठी आणि कोड 978-0 ने सुरू, तर ओळ बाजूला. ही अट गावठी आहे. मराठी पुस्तक इंग्रजी गटाच्या क्रमांकाने निघूच शकत नाही असं नाही. पण या दुकानात तिने चांगलं काम केलं.

आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे एक्स न्हाई उमटला म्हणून पुस्तक विलायतेला गेलं म्हणा की."

तेरा अंकी असूनही खोटे

तेरा अंकी ओळींना काही करायचं नाही, असं धरून आम्ही त्यांच्यावर फक्त चेक डिजिटची तपासणी चालवली. बऱ्याच ओळी शेवटी ओळीने शून्यं घेऊन बाद झाल्या: `9788170000000`, `9789380000000`. हे एक्सेलचं काम. अकरापेक्षा जास्त अंकांचा आकडा साध्या फॉरमॅटमध्ये असला की ते `9.78817E+12` असं दाखवतं. फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की दिसतं तेवढंच लिहिलं जातं, आणि पुढच्या वेळी उघडली की शेवटचे खरे अंक कायमचे गेलेले असतात. ते कोणत्याही फॉर्म्युल्याने परत येत नाहीत. जुनी फाइल, खरेदीचं बिल किंवा पुस्तक, यांतलं काहीतरी हातात लागतं.

इथपर्यंत ठीक. पण `9788190000000` हा कोड तपासणीत पास झाला. पहिल्यांदा विश्वास बसला नाही, म्हणून कागदावर मांडला: ९, २१, ८, २४, १, २७, बेरीज ९०, पुढे सगळी शून्यं, चेक डिजिट 0. अगदी बरोबर. आणि `9.78819E+12` मध्ये गोळा होतात ती 978-81-85 पासून 978-81-94 पर्यंतची पुस्तकं, कारण एक्सेल सहा अंकांवर गोल करतं. यात 81-90 हा पट्टा छोट्या प्रकाशकांचा, स्वतःच पुस्तक काढणाऱ्यांचा. म्हणजे गावोगावची कवितासंग्रहांची, स्मरणिकांची, स्थानिक इतिहासाची पुस्तकं एकाच कोडखाली येऊन बसली होती, आणि तो कोड वैध होता. नुसत्या कोडवरून ओळी एकत्र केल्या असत्या तर ही सगळी पुस्तकं एक पुस्तक झाली असती.

म्हणून नियम केला: शेवटी सहा किंवा जास्त शून्यं असतील तर चेक डिजिट काहीही म्हणो, ओळ माणसाकडे. एखादा खरा कोडही यात अडकू शकतो, अडकू दे.

अठरा अंकी ओळीही काही होत्या. परदेशी पुस्तकांवर मुख्य बारकोडशेजारी पाच अंकी छोटा बारकोड असतो, किमतीचा. स्कॅनरची सेटिंग चालू असेल तर तो दोन्ही जोडून देतो. पहिले तेरा अंक घ्यायचे, पाच सोडायचे. पण आधी पहिले तीन 978 किंवा 979 आहेत ना, आणि तेरावा अंक हिशेबात बसतो ना, ते बघून.

ओळी एकत्र करणं

कोड एक झाले म्हणजे ओळी आपोआप एक कराव्यात असं नाही. इथे मी पुतण्याला मुद्दाम बसवून घेतलं, कारण पुस्तकं त्याला माहीत, मला नाहीत. समान कोडच्या ओळी शेजारी शेजारी लावल्या, त्यासमोर नाव, छापील किंमत आणि शिल्लक. नाव जुळत होतं आणि किंमतही तीच होती, ते गठ्ठ्याने एकत्र केले. बरेच तसेच होते.

किंमत वेगळी निघाली तिथे पुनर्मुद्रण होतं. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा आयएसबीएन लागत नाही, त्यामुळे जुनी प्रत दीडशेची आणि नवी अडीचशेची, कोड एकच. हे पुस्तक म्हणून एक आहे आणि विकायला दोन. सॉफ्टवेअरमध्ये एका कोडखाली दोन किमती ठेवायची सोय होती, ती वापरली. स्कॅन केल्यावर कोणती किंमत ते विचारतं. ती सोय नसती तर मी त्या ओळी एकत्र केल्याच नसत्या. शिल्लक जुळवायच्या नादात जुनी प्रत नव्या किमतीला विकली जाणं जास्त वाईट.

नाव वेगळं आणि कोड तोच, हेही निघालं. एका प्रकाशकाने दोन वेगळ्या पुस्तकांवर एकच क्रमांक छापला होता. एका तीन खंडांच्या संचाचा एकच क्रमांक तिन्ही खंडांवर होता. यावर सफाईचा कोणताही नियम चालत नाही, कारण कोड साफच आहे. अशा पुस्तकांना दुकानाने आपला कोड दिला: 20 ने सुरू होणारा तेरा अंकी. 20 ते 29 हे आकडे दुकानाच्या आतल्या वापरासाठी राखलेले असतात, त्यामुळे बाहेरच्या कोणत्याही वस्तूशी तो आपटत नाही. आयएसबीएन नसलेल्या जुन्या पुस्तकांनाही हेच कोड दिले आणि लेबल चिकटवलं. पूर्वी त्यांना 4512 असले चार अंकी क्रमांक होते; त्यांना नऊ शून्यं लावून तेरा करण्याचा बेत होता, तो रद्द केला.

शिल्लक एकत्र करताना अधिक-उणे बेरीज घेतली, पण ती अंतिम मानली नाही. जिथे जिथे ओळी जोडल्या तिथे कपाटातली प्रत मोजली. मे महिन्यात, शाळांची झुंबड सुरू व्हायच्या आधी.

काउंटरवर

शेवटचं काम स्कॅनरचं. प्रदर्शनाच्या टेबलावरचा तिसरा स्कॅनर 978 चा बारकोड वाचून दहा अंकी आयएसबीएन देत होता. त्यात "आयएसबीएनमध्ये बदला" ही सेटिंग कोणीतरी चालू ठेवली होती. दहा अंकी ओळी नव्याने कुठून येतात हे कोडं त्यात होतं. ती बंद केली. तशीही ती आता निरुपयोगी आहे, कारण 979 ने सुरू होणाऱ्या पुस्तकांना दहा अंकी रूप नसतंच. तिन्ही स्कॅनर आता तेरा अंक देतात, किमतीचा जोड-बारकोड वगळतात.

मास्टर यादीत नवीन कोड भरताना `saaf` चालतं, मग लांबी आणि चेक डिजिट बघून प्रकार ठरतो, आणि प्रकार वेगळ्या कॉलममध्ये लिहिला जातो: पुस्तक, वस्तू, बॉक्स, दुकानाचा कोड. बसत नसेल तर ओळ सेव्ह होत नाही, पण बिलही अडत नाही. पुस्तक "कोड बाकी" या नावाने विकलं जातं आणि संध्याकाळी पुतण्या ती यादी काढतो. एक्सेलमध्ये काही न्यायचं असेल तर कोडचा कॉलम आधी टेक्स्ट करून मगच आयात करायचा, हे त्याने काउंटरखाली लिहून चिकटवलंय. यादीत अजून काही ओळी सुटलेल्या नाहीत, मुख्यतः `9.78819E+12` मधल्या. त्यांच्या खरेदीची बिलं लक्ष्मीपुरीच्या गोदामात पोत्यात आहेत.